मोजलेला पीएच ६.७९, गणितातला ७.२०: डिस्कशनमध्ये नेमकं काय लिहायचं?

मृणाल_धरमपेठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. नागपुरात बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री घेऊन. फॉस्फेट बफरचं प्रॅक्टिकल झालं. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.४० ग्रॅम घेऊन २५० मिलीच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये ०.१ मोलर द्रावण केलं. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ४.४५ ग्रॅम घेऊन तसंच दुसरं. मग पिपेटने दोन्हीतलं ५०-५० मिली एका बीकरमध्ये घेतलं. दोन्ही सारखे, म्हणून हेंडरसन-हॅसलबाल्खच्या समीकरणातली लॉगची टर्म शून्य, म्हणून पीएच म्हणजे पीकेए, म्हणजे ७.२०. मीटरने दाखवलं ६.७९. इलेक्ट्रोड धुऊन परत बुडवला तरी तेच.

डिस्कशनमध्ये मी लिहिलं होतं: "हा फरक मानवी चूक, उपकरणातील दोष, तापमान आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांमुळे असावा. त्रुटी ५.७ टक्के." मॅडमनी चारही कारणांखाली लाल रेघ ओढली आणि समासात दोनच प्रश्न लिहिले: "किती? कोणत्या दिशेने?" जर्नल परत. गुरुवारी पुन्हा द्यायचंय.

आमच्या बॅचमध्ये सगळ्यांचं ६.७५ ते ६.८३ च्या मध्येच आलंय. म्हणजे माझंच काही वेगळं नाही. पण मग लिहू काय?

---

तर्रीबाज | रविवार, रात्री ९:३२

काहून टेन्शन घेऊन राहिली? कार्बन डायऑक्साइडच आहे ते. आमच्या लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर कधीच ७ दाखवत नव्हतं, ५.७ च्या आसपास असायचं. हवा लागली की पाणी आम्लधर्मी होते. तुझंही खालीच गेलं ना? दिशा जुळली. बाकीचे तीन शब्द खोड, हा एक ठेव, विषय संपला.

---

बुटीबोरी_क्यूसी | रविवार, रात्री ९:५८

मी एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत क्यूसीला आहे. आम्ही रोज फॉस्फेट बफर करतो आणि कोणीही पीएच गणिताने काढत बसत नाही. मीठ तोलायचं, पाण्यात टाकायचं, मीटर लावायचा आणि फॉस्फोरिक ॲसिड नाही तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने हवा तिथे आणायचा.

पण तुला गणितच जुळवायचं असेल तर सोपं आहे. फॉस्फेटचा पीकेए ७.२० घेऊच नको, ६.८ घे. बायोकेमिस्ट्रीच्या बऱ्याच तक्त्यांत तसाच दिलेला असतो. ६.८ घेतला की गणित ६.८०, मीटर ६.७९. फरकच उरत नाही, मग डिस्कशन कशाचं?

---

काटोलचा_संत्रेवाला | रविवार, रात्री १०:१५

माझाही हाच प्रॉब्लेम आहे. बागेतल्या मातीचा पीएच एका ठिकाणी ८.१ आला, दुसऱ्या ठिकाणी ७.६. एकाच खड्ड्यातली माती, एकाच दिवशी दिलेली. आता चुनखडीची जमीन समजून गंधक टाकायचं की नाही? कोणता आकडा खरा मानू?

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | रविवार, रात्री ११:०५

मृणाल, तुझ्या मॅडमनी दोनच प्रश्न विचारले, पण डिस्कशनचा सगळा जीव त्यातच आहे. कारणाचं नुसतं नाव लिहिलं तर ते कोणत्याही प्रयोगाला चिकटतं. ते कारण पीएच वर नेतं की खाली, आणि किती, हे लिहिलं की मगच ते तुझ्या प्रयोगाचं होतं.

उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांग. डायसोडियमच्या बाटलीवर लेबल काय आहे, निर्जल, दोन पाण्याचं की बारा पाण्याचं? मीटर कोणत्या बफरवर लावला होता? रीडिंग झाल्यावर इलेक्ट्रोड परत त्या बफरमध्ये बुडवून पाहिला का? आणि खोलीचं तापमान किती होतं?

संत्रेवाले दादा, तुमचं प्रकरण वेगळं आहे, नंतर येतो त्यावर.

---

मृणाल_धरमपेठ | रविवार, रात्री ११:२०

सर, लेबलवर डायहायड्रेट आहे, रेणुभार १७७.९९. मी त्याच आकड्याने तोललं. मीटर ४.०० आणि ७.०० च्या कॅप्सूल विरघळवून केलेल्या बफरवर लावला. शेवटी ७.०० मध्ये परत बुडवला तर ७.०१ दाखवलं. खोलीत ३३ अंश. आमच्या मीटरला तापमानाची वेगळी सळई आहे, ती पण बीकरमध्ये होती.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | सोमवार, सकाळी ७:४०

छान. तुझ्या नोंदी चांगल्या आहेत, त्यामुळे एकेक कारण हातात धरून बघता येईल.

मानवी चूक. पूर्ण बॅच ६.७५ ते ६.८३ मध्ये आहे. पिपेट धरायला चुकलं, खुणेपर्यंत पाणी कमीजास्त झालं, तर कोणाचं ७.२० च्या वर गेलं असतं, कोणाचं खाली. सगळे एकाच बाजूला आणि इतके जवळजवळ आहेत, म्हणजे जे काही आहे ते सगळ्यांना समान आहे. शिवाय आकार बघ. ०.४१ चा फरक निव्वळ प्रमाण चुकून यायचा तर एक मीठ दुसऱ्याच्या अडीच पटीहून जास्त पडलं पाहिजे, कारण १० चा ०.४१ वा घात सुमारे २.६ होतो. इतकं हातून चुकत नाही, हे कारण खोडलंस तरी चालेल. सगळ्यांना समान असलेली बाटली मात्र चुकीची असू शकते, तिच्यावर पुढे येतो.

मीटर. ७.०० च्या बफरमध्ये परत ७.०१. तुझं द्रावणही सातच्या जवळच. इलेक्ट्रोडचा उतार थोडा ढासळला असला तरी त्याचा परिणाम सातपासून दूर गेल्यावर वाढतो, ६.८ ला तो नगण्य असतो. ०.०१-०.०२ च्या वर मीटरच्या नावावर टाकता येत नाही.

तापमान. दिशा बरोबर आहे, फॉस्फेटचा पीएच तापमानाबरोबर उतरतो. पण किती? दोन्ही मिठं ०.०२५ मोलल घेतलेला फॉस्फेट बफर जगभर प्रमाण म्हणून वापरतात. त्याचा पीएच २५ अंशांना ६.८६५ आणि ४० अंशांना ६.८३८. पंधरा अंशांत ०.०३ सुद्धा नाही. तुझ्या आठ अंशांत ०.०२ धर फार तर. आणि ती तापमानाची सळई फक्त इलेक्ट्रोडच्या मिलिव्होल्टचं गणित दुरुस्त करते, द्रावणाचं रसायन नाही.

कार्बन डायऑक्साइड. तर्रीबाज भाऊ, डिस्टिल्ड वॉटरच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के खरं आहे. तिथे हवेला अडवणारं काहीच नसतं. इथे बीकरमध्ये एकूण ०.१ मोलर फॉस्फेट आहे आणि हवेतून विरघळून येणारं आम्ल त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्याने पीएच ०.००१ इतका हलेल, मीटरला दिसणारही नाही.

आता वरचा ६.८६५ हा आकडा परत वाच. त्यातही दोन्ही मिठं समान आहेत. तुझ्या पद्धतीने गणित केलं तर त्याचाही पीएच ७.२० यायला हवा. ज्या बफरवर मीटर लावतात तोच गणिताशी जुळत नाही! म्हणजे गोम तुझ्या बीकरमध्ये नसून गणितात आहे.

---

मृणाल_धरमपेठ | सोमवार, सकाळी ८:०५

म्हणजे हेंडरसन-हॅसलबाल्खचं समीकरण चूक आहे?? ते तर पुस्तकात चौकटीत दिलंय.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | सोमवार, दुपारी १:३०

समीकरण बरोबर आहे, पण त्यात कॉन्सन्ट्रेशन टाकलं की ते अंदाजी होतं. तक्त्यातला ७.२० हा आकडा २५ अंशांचा आणि जवळजवळ अनंत विरळ द्रावणाचा आहे, जिथे आयनांना एकमेकांचा पत्ता नसतो. तुझ्या बीकरमध्ये सोडियम, पोटॅशियम आणि दोन प्रकारचे फॉस्फेट आयन अशी गर्दी आहे. प्रत्येक ऋण आयनाभोवती धन आयनांचा घोळका जमतो आणि त्याला स्थिर करतो. ज्यावर दोन ऋण भार आहेत त्याला हा आधार एका भारवाल्याच्या चौपट मिळतो, कारण परिणाम भाराच्या वर्गाने वाढतो. म्हणून डायहायड्रोजन फॉस्फेटला आपला प्रोटॉन सोडून दोन भारांचा आयन होणं सोपं जातं, आणि पीएच खाली येतो. दिशा मिळाली.

आता किती ते बघू. डिबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये याचा पाया घातला. आपल्या कामाला डेव्हिसचं समीकरण पुरतं. मिसळल्यावर दोन्ही मिठं ०.०५ मोलर झाली, हे विसरू नको.

```
I = 0.05 + 3 × 0.05 = 0.20
√I/(1+√I) − 0.3 I = 0.309 − 0.060 = 0.249
pH = 7.20 + 0 − 3 × 0.509 × 0.249 = 6.82
```

I म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ. पोटॅशियमच्या मिठाचे ०.०५, डायसोडियमचे तिप्पट, कारण त्यात दोन सोडियम आणि एक दोन भारांचा आयन. शेवटच्या ओळीतला ३ म्हणजे ४ वजा १, दोन आयनांच्या भारांच्या वर्गातला फरक.

गणित ६.८२, मीटर ६.७९. ०.४१ पैकी ०.३८ एकाच कारणाने गेले.

---

स्लाइडवाली_ताई | सोमवार, दुपारी ३:१५

मायक्रोबायोलॉजीवाली मध्येच बोलते. आमच्याकडे पीबीएस या फॉस्फेट बफरचा दहापट स्टॉक करून ठेवतात. त्याचा पीएच ६.८ च्या आसपास असतो आणि पाणी घालून एकपट केला की आपोआप ७.४ च्या जवळ जातो. नवीन पोरं स्टॉकलाच ७.४ करून ठेवतात आणि मग पातळ केल्यावर वर गेला म्हणून गोंधळतात. इतकी वर्षं हे माहीत आहे, पण कारण आज कळलं. तेच ना हे?

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | सोमवार, दुपारी ४:००

अगदी तेच. पाण्याने आम्लाचं-क्षाराचं प्रमाण बदलत नाही, गर्दी कमी होते. उलट प्रयोगही करता येतो. बफरमध्ये साधं सोडियम क्लोराइड टाका. ते ना आम्ल ना क्षार, तरी पीएच उतरतो.

---

बुटीबोरी_क्यूसी | सोमवार, संध्याकाळी ६:४५

म्हणजे मी म्हणालो तेच झालं की. पीकेए ६.८ घ्या. तुम्ही लांबून फिरून तिथेच आलात.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | सोमवार, रात्री ८:२०

कामाच्या जागी तुमचा ६.८ योग्यच आहे, वाद नाही. तो ह्याच गर्दीतला पीकेए आहे, कोणीतरी मोजूनच तक्त्यात घातलेला. पण डिस्कशनमध्ये तो घेतला तर "मोजलेला ६.८ आला कारण असा बफर मोजला की ६.८ येतो" असं वाक्य होतं. शिवाय तो एका ठरावीक तीव्रतेपुरता आहे. तिने हाच बफर दहापट पातळ केला तर ६.८ घेऊन गणित परत चुकेल, ७.२० घेऊन डेव्हिस लावलं तर चुकणार नाही.

---

बुटीबोरी_क्यूसी | सोमवार, रात्री ८:३५

मान्य. पण आमच्या ऑडिटरला डेव्हिस सांगून बघा एकदा.

---

मेडिकल_चौक | सोमवार, रात्री ९:१०

मृणालच्याच बॅचमधला आहे बहुतेक 😀 मागच्या प्रॅक्टिकलला ॲसिटेट बफर केला होता, ०.१ मोलरचे समान भाग. गणित ४.७६, मीटर ४.६८. तेव्हा डिस्कशनमध्ये "मानवी चूक" लिहिलं आणि टिक मिळाली. मग आत्ताच का रेघ?

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | सोमवार, रात्री ९:३५

कारण ०.०८ डोळ्याआड करता येतो, ०.४१ नाही. पण कारण तिथेही हेच होतं. ॲसिटिक ॲसिडवर भार नाही, ॲसिटेटवर एकच. म्हणून वरच्या सूत्रात ३ च्या जागी १ येतो आणि आयनिक स्ट्रेंग्थही फक्त ०.०५. गणित केलंस तर ०.०८-०.०९ ची घट मिळते, तुमचं ४.६८ बरोबर बसतं. ट्रिससारख्या बफरमध्ये आम्लावरच धन भार असतो, तिथे हाच परिणाम पीएच वर ढकलतो. म्हणून "दिशा" हा प्रश्न नुसता शिस्तीसाठी नाही.

आणि मृणाल, ती ५.७ टक्के त्रुटी काढून टाक. पीएच लॉगवर आहे. ०.४१ म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे अडीच पट, त्याला ५.७ टक्के म्हणणं कसं चालेल? फरक पीएचच्या एककातच लिही.

---

मृणाल_धरमपेठ | मंगळवार, रात्री १०:००

सर, आज हे लिहिलंय. जर्नल इंग्रजीत असतं, पण आधी मराठीत मांडलं. बघाल का?

"समान तीव्रतेच्या फॉस्फेट बफरचा गणिती पीएच ७.२० व मोजलेला ६.७९ आला, फरक −०.४१. गणितात आयनांची क्रियाशीलता तीव्रतेइतकीच धरली होती. आयनिक स्ट्रेंग्थ ०.२० असल्याने हे गृहीतक टिकत नाही. डेव्हिस समीकरणाने दुरुस्त केलेला पीएच ६.८२ येतो, म्हणजे फरकापैकी ०.३८ याने स्पष्ट होतो. तापमानाचा परिणाम सुमारे −०.०२ असल्याने उरलेला फरक ०.०१ राहतो, जो मीटरच्या मर्यादेत आहे. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम नगण्य आहे. बॅचमधील सर्व मूल्ये एकाच बाजूला असल्याने अनियमित चुका हे कारण संभवत नाही."

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | बुधवार, सकाळी ७:१५

चांगलं उतरलंय. दोन जागी थांबतो.

एक, बाटली. सगळ्यांनी एकाच बाटलीतून घेतलं, म्हणून "सर्व एकाच बाजूला" हा मुद्दा बाटलीला लागू होत नाही. तिच्यासाठी वेगळी ओळ हवी, आणि ती तुझ्याकडे आहे. समज लेबल खोटं असून आत बारा पाण्याचं मीठ आहे, रेणुभार ३५८. मग ४.४५ ग्रॅममध्ये मोल निम्मेच गेले. नुसत्या प्रमाणाने पीएच ७.२० वरून ६.९० वर येतो. ज्याला गर्दीचा परिणाम माहीत नाही तो इथेच म्हणेल, सापडलं कारण! पण गर्दी तर तरीही असणारच. दोन्ही धरलं तर ६.५५ यायला हवं होतं. निर्जल मीठ असतं तर ६.९१. तुझं ६.७९ या दोन्हींपासून दूर आणि ६.८२ ला लागून आहे. म्हणजे बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे. हे तीन आकडे डिस्कशनमध्ये टाकलेस तर मॅडम पेन खाली ठेवतील.

दोन, तापमानाचे ०.०२. मीटर लावताना ७.०० च्या बफरला ७.०० च दाखवायला सांगितलंस ना? तो बफर ३३ अंशांना खरं तर ६.९८ च्या आसपास असतो. म्हणजे मीटर तितकाच वर लागला. तुझं द्रावण ०.०२ ने उतरलं आणि मीटर जवळपास तितकाच चढवून वाचतोय. दोघांनी एकमेकांना खाल्लं. तापमानाच्या खात्यावर काही टाकू नको. उरलेला फरक ०.०१ नाही, ०.०३ आहे.

---

वर्धा_रोड | बुधवार, सकाळी ९:५०

डेव्हिसवर एवढा भरवसा? ०.१ च्या पुढे तो ढिला पडतो असं आम्हाला एमएस्सीला शिकवलं. ०.२० ला दुसऱ्या दशांश स्थानापर्यंत बोलणं म्हणजे जरा धाडसच. त्यातला ०.३ हा आकडाही अनुभवाने बसवलेला आहे, आधी ०.२ वापरायचे. ०.२ घेतला तर ०.३८ ऐवजी ०.४१... थांबा, करून बघतो.

---

वर्धा_रोड | बुधवार, सकाळी १०:१०

०.२ घेतला तर घट ०.४१ येते. म्हणजे पीएच ६.७९. बरोब्बर मोजलेला! माझ्या मते तेच लिहा.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | बुधवार, दुपारी १२:४०

गुणांक बदलून उत्तर जुळवायचं असेल तर मग मीटर कशाला हवा? तोच ०.२ प्रमाण बफरला लावून बघा. तिथे आयनिक स्ट्रेंग्थ ०.१० आहे. ०.३ ने ६.८८ येतो, ०.२ ने ६.८६. हं, इथेही ०.२ च जवळ जातो, हे मान्य करावं लागेल. तरी एका जोडीवरून गुणांक ठरवू नये. पण तुमचा मूळ मुद्दा पटला: डेव्हिसच्या उत्तरावर दोन-तीन शतांश इकडे-तिकडे धरूनच बोलावं.

यातून सुटायला एक रस्ता आहे. मृणाल, उद्या लॅब मिळाली तर उरलेल्या बफरमधलं १० मिली घेऊन १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये भर आणि मोज. आयनिक स्ट्रेंग्थ ०.०२ होईल, तिथे डेव्हिसबद्दल कोणाचीच तक्रार नाही. गणित ७.०२ सांगतं. दोष डेव्हिसचा असेल तर हा फरक तिथे जवळजवळ मिटेल. प्रमाणाचा किंवा मीटरचा असेल तर ०.०३ तसाच राहील.

---

काटोलचा_संत्रेवाला | बुधवार, दुपारी २:००

सर माझं राहिलं.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | बुधवार, दुपारी २:३०

दादा, दोन्ही रिपोर्टवर पद्धत बघा. एका ठिकाणी माती पाण्यात कालवून मोजली असेल, एकास अडीच प्रमाणात, दुसरीकडे कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात. दुसऱ्या पद्धतीत आकडा बहुतेक अर्ध्या एककाच्या आसपास कमी येतो. तिथेही मिठाने पीएच उतरतो, पण कारण वेगळं. कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेले आम्लधर्मी आयन सोडवून पाण्यात आणतो. दोन्ही आकडे खरे असू शकतात, फक्त एकमेकांशी तुलना करू नका. गंधकाचं मात्र पीएचवरून ठरवू नका, मातीतला चुना किती टक्के आहे ते विचारा. चुना भरपूर असला तर गंधक त्यातच खर्ची पडेल.

---

काटोलचा_संत्रेवाला | बुधवार, दुपारी ३:१०

एका रिपोर्टवर पद्धतच लिहिली नाही. फोन करतो.

---

मृणाल_धरमपेठ | गुरुवार, संध्याकाळी ५:४०

मोजलं! १० चे १०० केले. ६.९८ आलं. मीटर आधी परत ७.०० वर लावला होता, शेवटी बघितलं तर ७.००.

पीएच खरंच वर गेला, नुसतं पाणी घालून. बाजूच्या टेबलवरच्या मुली विचारत होत्या काय टाकलं म्हणून.

पण सर, गणित ७.०२, फरक ०.०४. मिटला तर नाहीच, किंचित वाढला.

---

तर्रीबाज | गुरुवार, संध्याकाळी ६:०५

आता तरी कार्बन डायऑक्साइड म्हणू का? 😀

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | गुरुवार, रात्री ८:५०

म्हणा, आता थोडं म्हणता येतं. बफर दहापट पातळ झाला म्हणजे त्याची ताकदही दहावा हिस्सा. आता डिस्टिल्ड वॉटरमधल्या कार्बन डायऑक्साइडने ०.०१ पर्यंत खाली जाऊ शकतो. वाढलेला तो ०.०१ तर्रीबाज भाऊंचा.

उरलेले ०.०३ मात्र पातळ करूनही हललेले नाहीत. म्हणजे वर्धा_रोड यांची डेव्हिसबद्दलची शंका इथे मुख्य कारण दिसत नाही, गुणांकाने जुळलेलं ६.७९ योगायोग असावा. संशय आता प्रमाणावर किंवा मीटरच्या ७.०० च्या बफरवर. ०.०३ ला प्रमाणात सात टक्के फरक पुरतो. सात टक्के काट्यावर चुकणार नाहीत, पण बाटली उघडी राहून डायसोडियममध्ये ओलावा शिरला असेल तर तेवढं शक्य आहे. कॅप्सूल नेमक्या १०० मिलीत विरघळवली का, हाही प्रश्न आहेच.

---

वर्धा_रोड | गुरुवार, रात्री ९:२०

दोन रीडिंग, मीटर ०.०१-०.०२ चा, त्यावरून डेव्हिसला सोडून देणं मला घाई वाटते. विरळ द्रावणात इलेक्ट्रोडच्या जंक्शनचं व्होल्टेजही बदलतं, तेही एक-दोन शतांश खाऊ शकतं. मी तर "०.०३ स्पष्ट झाला नाही" असंच लिहीन.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर | गुरुवार, रात्री ९:४५

जंक्शनचं खरं आहे. लिहायचं तेच, पण पुढे "कसं तपासता येईल" हे एका ओळीत जोडून. डायसोडियम ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन तास ठेवून निर्जल करायचं, डेसिकेटरमध्ये गार करायचं आणि मग १४२ च्या रेणुभाराने तोलून तोच बफर परत करायचा. ६.८२ आला तर ओलावा. ६.७९ च राहिला तर ७.०० चा बफर नव्या कॅप्सूलने करून बघायचा.

---

मृणाल_धरमपेठ | गुरुवार, रात्री १०:१५

जर्नल दिलं आज. दोन्ही रीडिंग, बाटलीचे तीन आकडे आणि उरलेल्या ०.०३ ची ओळ टाकली. मॅडमनी वाचून विचारलं, "ओव्हन सोमवारी रिकामा आहे, करणार का?" हो म्हटलंय. बाटलीचं झाकण बघितलं, आतला बूच नाहीये त्याला.